फोटोतली कावीळ

लग्नाचा फोटो बघताना माणसं नवरी बघत नाहीत. भोकरदनला पंधरा वर्षं स्टुडिओ चालवून मला कळलेली गोष्ट एवढीच. लग्नात फोटो माझा नवरा काढतो आणि त्यानं आणलेल्या फोटोंवर कॉम्प्युटरपुढे बसून हात फिरवायचं काम माझं. पोरीकडची माणसं आली की सोनं बघतात, कारण सोनं त्यांनी घातलेलं असतं. सासरची आली की शालू बघतात, कारण शालू त्यांनी घेतलेला असतो. मधे जो चेहरा उरतो तो कुणीच विकत आणलेला नसतो, त्यामुळे त्याची चौकशी कुणी करत नाही.

त्या वर्षी मीही केली नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे वाटायचं की बाई सगळ्यांना नावं ठेवतेय आणि स्वतः मात्र नामानिराळी.

नवरी धावड्याची. लग्न मे महिन्यातलं, भर दुपारचं, आणि मांडवाचं कापड पिवळंधमक. त्या कापडातून गाळून आलेला उजेड सगळ्यांवर सारखाच पडला होता. नवरीचा एकटीचा फोटो मोठा करून, फ्रेम बनवून सासरी बैठकीत लावायचा होता. तो बघायला तिचे वडील आले आणि माझ्या खांद्याशी स्टूल ओढून बसले. स्टूलवर बसलेला बाप हा आमच्या धंद्यातला सगळ्यात अवघड प्रकार. तो उठतही नाही आणि चहाही नको म्हणतो.

"ताई, सोनं पितळेवानी दिसून राह्यलं," ते म्हणाले.

खरंच दिसत होतं. सगळाच फोटो पिवळट असल्यावर सोन्यानं उठून दिसायचं कशावर? खरं म्हणजे आधी तो मांडवाचा पिवळेपणा काढायला हवा होता. मग चेहरा, मान आणि हात वेगळे राखून नुसत्या दागिन्यांवर काम करायला हवं होतं. पण लग्नसराई होती, समोर अल्बमांचा ढीग होता आणि डोकं तापलेलं होतं. मी कॉम्प्युटरवरच्या, रंग कमी-जास्त करायच्या पिवळ्या आणि नारिंगी पट्ट्या धरल्या आणि सरळ उजवीकडे ओढल्या.

आता यात मेख अशी की आपल्या माणसांची कातडी कॉम्प्युटरच्या लेखी नारिंगीच असते. गोरी असो, सावळी असो, रंग तोच, फक्त उजळ नाहीतर गडद. आणि सोनं बसतं तिच्या अगदी शेजारी. पट्टी ओढली की तिला पुतळ्यांची माळ कुठे संपली आणि गळा कुठे सुरू झाला हे कळत नाही. तिनं दोघांनाही सोन्याचं केलं.

"आता कसं!" वडील म्हणाले. मी शालूचा लालही वाढवला, कारण सासरचेही येणार होते. तो लाल थोडा हनुवटीखाली चढला. मला ते दिसलं होतं का? दिसलं असावं. पण मी छपाईला पाठवून मोकळी झाले.

फ्रेम हसनाबादला सासरी गेली, बैठकीत दारासमोर लागली. आठ-दहा दिवसांनी एक पाहुणी आली. पाणी पिता पिता तिनं फोटोकडे बघितलं आणि विचारलं, "पोरीला कावीळ हाय का?"

झालं. एवढ्यावर सगळं घर कामाला लागलं.

हे मला कळलं ते सासरे फ्रेम घेऊन स्टुडिओत आले तेव्हा. फ्रेम चादरीत गुंडाळलेली, वरून सुतळीनं बांधलेली. पांढरा सदरा, पायजमा, खांद्यावर उपरणं, आणि चेहरा असा की जणू दूध नासकं निघालं म्हणून डेअरीवर भांडायला आलेत.

"एवढंच सांगा," ते म्हणाले, "फोटो खराब हाय का पोरगी खराब हाय?"

मी सुतळी सोडली आणि माझाच मला राग आला. सोनं झगमगत होतं, शालू लालभडक होता, आणि दोघांच्या मधे एक हळदीच्या डब्यात पडल्यासारखी पोरगी कसनुशी हसत होती. डोळ्यांचे पांढरे भागसुद्धा पिवळे. नीट बघितलं असतं तर केसातला मोगराही पिवळा होता. मी त्यांना तेच दाखवलं. "काका, गजऱ्याला कावीळ होते का? चूक माझी आहे. फोटो पिवळा झालाय, सूनबाई नाही."

त्यांनी गजऱ्याकडे नीट निरखून बघितलं. "दुपारचं लगन व्हतं. फुलं सुकली असतील," म्हणाले.

"रक्त तपासलं का?"

"तपासलं ना. रिपोर्ट बराबर आला. पण रिपोर्ट कपाटात हाय अन् फोटो भिंतीवर. येणारा माणूस रिपोर्ट मागतो का?"

मग म्हणे त्यांनी गावातल्या एका जाणत्याकडून काविळीची माळ आणली. बारीक काड्यांचे तुकडे दोऱ्यात गुंफलेली ही माळ डोक्यावर ठेवतात. दोरा सैल होत जातो तशी ती लांबत लांबत गळ्यात आणि गळ्यातून खाली उतरते, आणि जेवढी माळ लांबली तेवढी कावीळ उतरली असं धरतात. सूनबाई माळ घालून आतल्या खोलीत पडून होती. तेल बंद, तिखट बंद, हळद तर घरातूनच बाहेर. उसाचा रस, फुटाणे आणि आराम.

"शेतात मिरची तोडायला आलीय," सासरे म्हणाले. "बाया मिळून न्हाई राह्यल्या. घरचा सैपाक, बायांचं चहापाणी, सगळं एकट्या घरधनीनीवर पडलं. तुम्ही फोटो बराबर करा जल्दी. फोटो बरा झाला का पोरीला उठवतो."

"दोन दिवसांत देते," मी म्हणाले. माझी अब्रू गेली होती. पैसे न घेता, नवा कागद, नवी फ्रेम, सगळं कबूल केलं.

त्याच दिवशी संध्याकाळी मी स्वयंपाकाला लागले आणि फोन आला. बाईचा आवाज, अगदी दबका.

"ताई, मी बोलून राह्यले. फोटोतली."

मी भडाभडा माफी मागायला लागले. तिनं मला मधेच थांबवलं.

"ताई, मला इतक्यात बरं करू नका. आजून बारा दिवस राहू द्या पिवळी."

तिनं नर्सिंगचा कोर्स केला होता. सरकारी दवाखान्याच्या भरतीचा फॉर्म लग्नाआधीच भरून ठेवला होता आणि परीक्षा बाराव्या दिवशी होती, छत्रपती संभाजीनगरला. लग्न झाल्यापासून पुस्तक उघडायला मिळालं नव्हतं. नवरा सुट्टी संपवून परगावी नोकरीवर गेला होता. पहाटे उठायचं, चूल, भांडी, माणसांचं, जनावरांचं, आणि आता मिरची. सासरी अभ्यासाचं नाव काढायची सोय नव्हती, कारण कुणी नाही म्हटलं नव्हतं. नाही म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. आणि अचानक एका पाहुणीनं फोटो बघितला आणि तिला एक खोली, एक गादी आणि सगळा दिवस मिळाला.

"पण तुला माहितीये ना तुला काही झालेलं नाही?" मी म्हणाले.

"ताई, काविळीच्या पेशंटांच्या वार्डात डुट्या केल्यात मी," ती म्हणाली. "ही माळ रोज लांबते. मी रोज दोऱ्याला गाठ मारून आखूड करते."

मी गॅस बंद केला आणि खाली बसून पोट धरून हसले. मग हसू थांबलं. कारण हसण्यासारखं काय होतं त्यात? शिकलेली पोरगी, आणि तिला पुस्तक उघडायला आजारी पडावं लागत होतं, तेही माझ्या चुकीनं. मी म्हणाले, "कर अभ्यास. बारा दिवस मी बघते."

आता माझ्यासमोर उलटाच पेच. ज्या कामाला दोन दिवस लागतात ते बारा दिवस लांबवायचं, आणि तेही खोटं न बोलता. खोटं मला पचत नाही, तोंडावर दिसतं. मग ठरवलं की काम असं करायचं जसं करायला कधीच वेळ मिळत नाही. एकेक मणी.

मूळ फोटो काढला. आधी मोगऱ्याच्या एका कळीवर बोट ठेवून कॉम्प्युटरला सांगितलं की हे पांढरं आहे, बाकीचं तू त्यावरून ठरव. मांडवाचं कापड अर्धंअधिक तिथेच उतरलं. मग चेहरा, कान, गळा आणि हात, सगळ्यांची कड हातानं आखून कातडी वेगळी झाकून ठेवली, म्हणजे पुढे सोन्याशी काहीही केलं तरी तिला धक्का लागू नये. केस कपाळावर उतरतात तिथे आणि माळ गळ्यावर टेकते तिथे ही कड फार नाजूक लागते. जरा चुकली की पोरीला सोनेरी किनार येते.

तिसऱ्या दिवशी सासऱ्यांचा फोन. "झाली का?"

"काका, आज डावा हात झाला. बांगड्या राहिल्यात."

"किती बांगड्या?"

"चार पाटल्या आणि हिरवा चुडा."

"मंग उद्या उजवा?"

"मेंदी आहे काका. मेंदी कातडी धरायची का दागिना, ते ठरवावं लागतं." हे शंभर टक्के खरं होतं. मेंदीचा रंग सोन्याबरोबर वाढवला तर हात भाजल्यासारखे दिसतात, आणि कातडीबरोबर दाबला तर मेंदी विटते. मी ती तिसरीच धरली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. पुतळ्यांच्या माळेत पुतळ्या किती, हे त्यांना आता माझ्यापेक्षा बरोबर माहीत होतं. एकदा तर मागून कुणीतरी विचारल्याचं ऐकू आलं, "आज कुठवर आली?" आणि सासरे फोन न ठेवताच म्हणाले, "नथीपाशी हाय." हसनाबादला रोज संध्याकाळी माझ्या कामाची बातमी जात होती.

पाचव्या दिवशी ते स्वतःच आले. स्टूलवर बसले. मी मनात म्हटलं, आता हे समोर बसून सगळं दोन तासांत करून घेतील.

"ह्याला एवढा येळ काहून लागतो, ते मला दाखवा," ते म्हणाले.

मी म्हणाले, दाखवते. त्यांच्या बोटात सोन्याची अंगठी होती. मी मोबाईलवर त्यांचा फोटो काढला, हात छातीशी धरायला लावून. कॉम्प्युटरवर घेतला. "अंगठी सोन्यासारखी दिसत नाही ना? आता बघा, मी घाई करते." आणि ज्या पट्टीनं मे महिन्यात सुनेचं वाटोळं केलं तीच पट्टी उजवीकडे ओढली.

अंगठी झगमगली. आणि काका कानापर्यंत पिवळे झाले.

मला वाटलं होतं, आता हसतील आणि म्हणतील, कळलं बाई. ते हसले नाहीत. पडद्याकडे बघत राहिले. मग उठून आमच्या भिंतीवरच्या आरशाजवळ गेले, जिथे फोटोआधी गिऱ्हाईक भांग पाडतं. खालची पापणी बोटानं ओढून डोळा बघितला. मग दुसरा.

"काका, पट्टी मी ओढली. तुमच्यासमोर ओढली."

"ते हाय बराबर," ते म्हणाले. "पण दोन-चार दिवसापासून पोटात जड वाटून राह्यलं."

ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी पोरीचा फोन आला, आवाज हसण्यानं फुटत होता. सासऱ्यांनी स्वतःसाठीही माळ आणली होती आणि बाहेरच्या खोलीत पलंगावर आडवे झाले होते. उसाचा रस आता दोन तांबे येत होता. घरात दोन काविळीचे पेशंट, दोघांनाही कावीळ नाही, आणि सासूबाई एकट्या मिरचीच्या बायांना चहा नेत होत्या.

मी मात्र कामात बुडाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला एक फोटो नीट करायला वेळ मिळाला होता, तोही एका नसलेल्या आजाराच्या कृपेनं. सोनं भारी दिसायला पिवळं करावं लागत नाही, हे मला माहीत होतं, पण करून बघायला सवड कुठे होती? सोन्याची सावली खोल केली, तपकिरी होईल इतकी. चकाकीची टोकं तशीच पांढरी ठेवली. मधल्या रंगाला लिंबूपणाकडून जरा केशराकडे नेलं, बस. एकेक पुतळी सुटी सुटी उठली. शालूचा लाल वाढवला नाही, उलट थोडा गडद केला, तसा तो कुंकवासारखा दाट झाला आणि जरीची वीण दिसायला लागली. मग हनुवटीखाली मुळातच शालूचा लाल पडला होता तो आणि गळ्यावर सोन्याची पिवळी झाक पडली होती ती, बारीक ब्रशनं हलक्या हातानं उतरवली. सगळी नाही, नाहीतर चेहरा वरून आणून चिकटवल्यासारखा दिसतो. नखांच्या कडेला खरी हळद होती, ती राहू दिली.

अकराव्या दिवशी मी खुर्ची मागे सरकवली आणि बघितलं. सावळी पोरगी होती. कपाळावर घामाचा एक ठिपका होता. सोनं आणि शालू आपापल्या जागी होते आणि ती त्यांच्या मधून सरळ माझ्याकडे बघत होती. मला रडू आलं. इतक्या फोटोंवर मी पट्ट्या ओढल्या होत्या, त्यातल्या कुणाकुणाचे चेहरे असे पुरून टाकले असतील, ते आठवून आलं.

बाराव्या दिवशी फोन आला नाही. ना सासऱ्यांचा, ना तिचा. ती पोचली का, कशी पोचली, कुणी सोडलं, काही कळेना. घरातला पुरुष पलंगावर, गाडीला कोण नेणार? मी दिवसभर चिडचिड करत होते. नवऱ्यानं विचारलं काय झालं, तर त्याच्यावरच खेकसले.

तेराव्या दिवशी दुपारी सासूबाई एकट्याच आल्या. मी त्यांना लग्नाच्या फोटोंतच बघितलं होतं. बोटं मिरचीनं लाल झालेली, पदर कमरेला खोचलेला. "फ्रेम न्यायला आले," म्हणाल्या. "त्याह्यला उठू देत न्हाई मी. पथ्य हाय."

मी फ्रेम समोर धरली. त्यांनी पदरानं हात पुसले, मग बोटानं गालाला, म्हणजे काचेला, शिवून बघितलं.

"हां. ही आमची हाय," म्हणाल्या.

मी न राहवून विचारलं, "बरी आहे ना आता?"

"बरी हाय की. पेपर बी बरा गेला म्हणते."

मी फ्रेम हळूच टेबलावर ठेवली.

"काल मीच घेऊन गेल्ते," त्या म्हणाल्या. "घरी सांगितलं, मोठ्या डाक्टरला दाखवायचंय. ती आत गेली, मी बाहेर झाडाखाली बसले. तीन घंटे. तिची माळ माझ्या पिशवीत व्हती." मग आवाज न बदलता पुढे म्हणाल्या, "मला पह्यल्या दिवशीच कळलं व्हतं. कावीळ झालेलं माणूस फुटाणे खात खात पुस्तक वाचत न्हाई."

"मग तुम्ही घरात सरळ सांगितलं का नाही, की तिला अभ्यासाला वेळ द्या?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मीच विचारून ओशाळले. पुढे ती पोरगी लागली, आता सरकारी दवाखान्यात आहे, आणि सासरे आजही सांगतात की माळेनं दोघांनाही गुण आला. पण त्या दुपारी निकाल कुणाला माहीत होता? सासूबाईंनी फ्रेम चादरीत गुंडाळली, सुतळी बांधली, आणि मग निघायच्या ऐवजी स्टूलवर बसल्या.

"एक इचारू का?"

"विचारा ना."

"माझा एक फोटो काढता?"

"आत्ता काढते. चांगला काढते."

"चांगला नको," त्या म्हणाल्या. "तिचा केल्ता तसा करा, पिवळा. चार दिवस पडून राहते."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्या पदर सारखा करून, हात मांडीवर ठेवून, सरळ बसल्या होत्या. मग मी उठून कॅमेरा घेतला.